६५ म्हणायचं की A?

प्रश्न : कॉम्प्युटरमध्ये सगळं 0 आणि 1 असतं, हे वाचलं. पण पुस्तकात ६५ या आकड्याचं बायनरी 01000001 दिलंय आणि A या अक्षराचंही 01000001च दिलंय. मग हा आकडा आहे की अक्षर, हे कॉम्प्युटरला कळतं कसं? आणि आपला 'क' यात कुठे बसतो?

कॉम्प्युटरला ते कळत नाही. मेमरीत 01000001 अशी आठ खणांची नक्षी असते, आणि ती आकड्याची आहे की अक्षराची याची कुठलीच खूण तिच्यावर नसते. ती माहिती असते वाचणाऱ्या प्रोग्रॅमकडे. एका प्रोग्रॅमने बेरजेच्या सूचनेला ती नक्षी दिली की ती ६५ म्हणून बेरजेत जाते. दुसऱ्याने तीच नक्षी पडद्यावर अक्षर म्हणून दाखवायला सांगितली की A उमटतो. मी बावीस वर्षं पतसंस्था आणि सहकारी संस्थांची सॉफ्टवेअर सांभाळतो आहे. मराठी नावं बिघडल्याच्या ज्या तक्रारी आजवर माझ्याकडे आल्या, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ एकच निघालं : लिहिणाऱ्याने एक करार धरला होता आणि वाचणाऱ्याने दुसरा.

आधी आकडा पाहू. जुन्या रुपयाचा हिशेब घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकला असेल तर बायनरी तुम्हाला अर्धं येतंच. एक आणा, दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. प्रत्येक नाणं आधीच्याच्या दुप्पट. खिशात यातलं एकेकच नाणं असलं, तरी शून्यापासून पंधरा आण्यांपर्यंतची कोणतीही रक्कम देता येते, आणि प्रत्येक रकमेसाठी नाणी निवडायची रीत एकच असते. तेरा आणे द्यायचे तर अधेली द्यायची, पावली द्यायची, चवली ठेवायची, आणा द्यायचा. 'द्यायचं' साठी 1 आणि 'ठेवायचं' साठी 0 लिहिलं की 1101. तेराचं बायनरी ते हेच. कॉम्प्युटर ही नाण्यांची रांग पुढे वाढवतो : १६, ३२, ६४, १२८. आठ खण झाले की त्याला बाइट म्हणतात. ६५ म्हणजे ६४ अधिक १, म्हणून 01000001. आठही खणांत 1 भरला तर २५५.

इथेही करार लागतोच. 11111111 म्हणजे २५५ हे खरं, पण ऋण आकडे हवे असतील तर सगळ्यात डावीकडचा खण १२८ ऐवजी उणे १२८ धरतात. मग तीच नक्षी होते उणे १२८ अधिक १२७, म्हणजे उणे १. खणांमध्ये काहीही बदललेलं नसतं, वाचायची रीत तेवढी बदलते.

आता अक्षर. अक्षराला किंमत नसते, त्यामुळे त्याचं बायनरी 'काढता' येत नाही. कोणीतरी बसून तक्ता करावा लागतो. असा तक्ता अमेरिकेत १९६३ साली प्रमाण म्हणून ठरला, तो आस्की. त्यात सात खण वापरले, म्हणजे १२८ जागा. A ला ६५ मिळाला, B ला ६६, आणि असंच पुढे. हे आकडे उगाच दिले नाहीत. ६४ चा खण भरून पुढे १, २, ३ मोजत गेलं की A, B, C येतात. लहान अक्षरं १९६७ च्या आवृत्तीत आली, ती मोठ्या अक्षरांच्या बरोबर ३२ पुढे. म्हणून A हा 01000001 आणि a हा 01100001, फरक एकाच खणाचा. तुमच्या पुस्तकात दोन ठिकाणी एकच नक्षी दिसली ती या तक्त्यामुळे. पायथॉनमध्ये स्वतः करून पाहा :

```
>>> b = bytes([65])
>>> b[0]
65
>>> b.decode('ascii')
'A'
```

एकच बाइट. आधी आकडा म्हणून मागितला, मग अक्षर म्हणून.

इथे विद्यार्थी नेहमी अडखळतात ते पुढच्या गोष्टीवर. कीबोर्डवर 65 टाइप केलं तर मेमरीत 01000001 जात नाही. टाइप होतात ती दोन अक्षरं, '6' आणि '5', आणि आस्कीच्या तक्त्यात त्यांचे क्रमांक ५४ आणि ५३ आहेत. म्हणून मेमरीत दोन बाइट येतात, 00110110 आणि 00110101. शेवटचे चार खण नीट बघा : 0110 म्हणजे सहा, 0101 म्हणजे पाच. तक्ता करणाऱ्यांनी 0 ला ४८ दिला, त्यामुळे ही सोय झाली. प्रोग्रॅम प्रत्येकातून ४८ वजा करतो, पहिल्याला दहाने गुणतो, दुसरा मिळवतो, तेव्हा कुठे ६५ ही संख्या तयार होते. टाइप केलेला 65 आणि हिशेबातला ६५ या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

हा फरक रोजच्या कामात कसा चावतो ते सांगतो. एका पतसंस्थेतून खातेदारांची यादी एक्सेलमध्ये आली. खाते क्रमांक सोळा अंकी होते आणि काहींच्या सुरुवातीला शून्य होतं. एक्सेलने रकाना संख्या समजून वाचला. सुरुवातीची शून्यं गेली, कारण संख्येत सुरुवातीच्या शून्याला काही मोल नसतं. त्याहून वाईट म्हणजे ज्यांना सुरुवातीला शून्य नव्हतं, त्या सगळ्यांचा शेवटचा अंक 0 झाला. एक्सेल संख्येचे पंधराच अंक धरून ठेवतं. 1234567890123456 लिहिलं की ते 1234567890123450 होतं, आणि फाइल सेव्ह झाल्यावर मूळ अंक कुठेच उरत नाही. खाते क्रमांक, मोबाइल, आधार यांची कोणी बेरीज करत नाही. ते अक्षरांसारखे साठवायचे, म्हणजे फाइल उघडतानाच तो रकाना टेक्स्ट ठरवायचा. उलट रक्कम चुकून टेक्स्ट म्हणून साठवली तर चढत्या क्रमात 10 हा 9 च्या आधी येतो, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून सुरू होते आणि '1' चा क्रमांक '9' च्या आधी आहे. यादीचा असा क्रम दिसला की समजायचं, हे आकडे नाहीत, अक्षरं आहेत.

आता तुमचा 'क'. आस्कीच्या १२८ जागांत देवनागरीला जागाच नव्हती. आपल्याकडे आधी इस्की हे भारतीय प्रमाण झालं. त्यात आठवा खण वापरून वरच्या १२८ जागांमध्ये भारतीय लिप्या बसवल्या. १९९१ साली युनिकोडची, म्हणजे जगभरच्या लिप्यांसाठी केलेल्या एकाच तक्त्याची, पहिली आवृत्ती आली आणि तिने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली. वर्णमालेचा क्रम त्यात बहुतांशी तसाच आहे. युनिकोडने 'क' ला दिलेला क्रमांक आहे `U+0915`, दशमानात २३२५.

पण २३२५ एका बाइटमध्ये मावत नाही, तिथे कमाल २५५. त्यामुळे दुसरा प्रश्न उभा राहतो : हा क्रमांक बाइटांमध्ये भरायचा कसा? आज वेबवर आणि बहुतेक डेटाबेसमध्ये त्यासाठी यूटीएफ-८ ही रीत वापरतात. ती १९९२ च्या सप्टेंबरात केन थॉम्प्सन यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत कागदी टेबलमॅटवर मांडली, रॉब पाइक सोबत होते. माझ्या मते आपल्या धंद्यातली ती सर्वांत सुंदर कल्पना आहे, म्हणून एकदा हाताने करून दाखवतो.

२३२५ चं बायनरी सोळा खणांत लिहिलं तर 0000100100010101. देवनागरीच्या अक्षरासाठी यूटीएफ-८ तीन बाइटांचा साचा देतं. त्यातले काही खण आधीच भरलेले असतात, x च्या जागी आपले खण डावीकडून ओतायचे :

```
साचा    1110xxxx  10xxxxxx  10xxxxxx
2325        0000    100100    010101
क       11100000  10100100  10010101
           E0        A4        95
```

शेवटची ओळ त्याच तीन बाइटांचं आखूड लेखन आहे. चार-चार खणांचा एक गट करून त्याला एक चिन्ह द्यायचं : नऊपर्यंत नेहमीचे अंक, दहा ते पंधरासाठी A ते F. एवढे आठ-आठ शून्य-एक डोळ्यांनी वाचणं जमत नाही, म्हणून आम्ही सगळे असंच वाचतो.

साच्यातले आधीच भरलेले खण बघा. पहिला बाइट 1110 ने सुरू होतो, म्हणजे 'इथून तीन बाइट मिळून एक अक्षर'. पुढचे दोन्ही 10 ने सुरू होतात, म्हणजे 'मी मधला आहे, माझ्यापासून वाचू नका'. आस्कीचं कोणतंही अक्षर 0 ने सुरू होतं. त्यामुळे फाइलच्या मधोमध कुठेही बोट ठेवलं तरी तो बाइट अक्षराची सुरुवात आहे की मधला तुकडा हे लगेच ओळखता येतं, आणि जुनी इंग्रजी फाइल एकही खण न बदलता यूटीएफ-८ म्हणून चालते.

आता हेच तीन बाइट चुकीच्या कराराने वाचले तर? विंडोजचा एक जुना पश्चिम युरोपीय तक्ता आहे, `Windows-1252`. त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. E0 ला तो à म्हणतो, A4 ला ¤ आणि 95 ला •. म्हणजे 'क' च्या जागी à¤• दिसतं. मराठी मजकुराच्या जागी à¤ आणि à¥ यांची रांग दिसली, तर घाबरू नका. बाइट शाबूत असतात, वाचणारा चुकलेला असतो. फाइल यूटीएफ-८ म्हणून पुन्हा उघडली की मराठी परत येतं. मात्र त्या अवस्थेत सेव्ह करू नका, कारण मग à, ¤ आणि • हीच खरी अक्षरं म्हणून लिहिली जातात आणि उलगडणं किचकट होतं.

मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं, ???? अशी दिसली, तर ते दुखणं वेगळं. कुठल्यातरी टप्प्यावर एखाद्या प्रोग्रॅमने मजकूर अशा तक्त्यात कोंबायचा प्रयत्न केला ज्यात देवनागरी नव्हती, आणि प्रत्येक अक्षराच्या जागी ? लिहून टाकलं. तिथे मूळ बाइट उरलेलेच नसतात. अशा वेळी मी मागची प्रत मागतो, दुरुस्तीत वेळ घालवत नाही.

तिसऱ्या प्रकारची चूक मी एका संस्थेच्या पासबुकावर पाहिली. खातेदाराचं नाव पुरुषोत्तम, छापून आलं 'पुरुषो' आणि पुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. छपाईवाल्याला वाटलं फॉन्ट खराब आहे. फॉन्ट बदलून झाले, प्रिंटर बदलून झाला. मी नाव मोजलं :

```
>>> len('पुरुषोत्तम')
10
>>> len('पुरुषोत्तम'.encode('utf-8'))
30
>>> 'पुरुषोत्तम'.encode('utf-8')[:20].decode('utf-8', 'replace')
'पुरुषो�'
```

आपण हे नाव पाच अक्षरी म्हणतो. युनिकोडच्या मोजणीत ती दहा चिन्हं आहेत, कारण उकार, काना-मात्रा, हलन्त यांना प्रत्येकी स्वतंत्र क्रमांक आहे : प, ु, र, ु, ष, ो, त, ्, त, म. प्रत्येकी तीन बाइट, एकूण तीस. ज्याने तो प्रोग्रॅम लिहिला त्याने नावासाठी वीस बाइट राखले होते. इंग्रजी नावांना ते पुरत. मराठी नाव विसाव्या बाइटवर कापलं गेलं, तेव्हा सहा चिन्हं पूर्ण आली आणि 'त' चे तीनपैकी दोनच बाइट आत आले. E0 A4 एवढ्यावरून अक्षर ठरत नाही, म्हणून वाचणाऱ्याने तिथे 'तुटलेलं अक्षर' ही खूण ठेवली. ती खूण मजकुराच्या नेमक्या शेवटी दिसली की आधी रकान्याची लांबी तपासायची. आम्ही ती वाढवली आणि कापायचंच असेल तर पूर्ण अक्षरावर कापायचं असा नियम घातला.

मराठी एसएमएस लवकर संपतो त्यामागेही हीच मोजणी आहे, फक्त साचा वेगळा. एका एसएमएसमध्ये १४० बाइट असतात. इंग्रजीला सात खण पुरतात म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरी आली की प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागतात आणि सत्तरच बसतात. 'पुरुषोत्तम' लिहिलं की त्यांतली दहा गेली.

युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे एक वेगळीच युक्ती चालायची, आणि छापखान्यांच्या जुन्या डिस्कांवर ती अजून भेटते. इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक वापरायचे आणि फॉन्टमध्ये त्या क्रमांकांना देवनागरीची चित्रं लावायची. कृतिदेव फॉन्टमध्ये 'मराठी' दिसायला हवं असेल तर फाइलमध्ये प्रत्यक्षात `ejkBh` लिहिलेलं असतं. पाच बाइट, पाचही आस्कीतले. युनिकोडमधल्या 'मराठी'चे पंधरा. कागदावर दोन्ही सारखे दिसतील. पण पहिली फाइल कृतिदेव नसलेल्या मशीनवर नेली की ejkBh असंच दिसतं. तपासणं सोपं आहे : मजकूर निवडा आणि फॉन्ट बदला. मराठी मराठीच राहिलं तर युनिकोड, इंग्रजी अक्षरांचा गुंता झाला तर जुना फॉन्ट. अशा मजकुराला यूटीएफ-८ म्हणून उघडून उपयोग नाही, कारण त्या बाइटांच्या दृष्टीने ती खरोखर इंग्रजी अक्षरंच आहेत. एकेका चिन्हाचा नकाशा लावून रूपांतरच करावं लागतं, आणि ते फॉन्टगणिक वेगळं असतं.

शेवटी एक अडचण सांगतो, जी मराठीत फार भेटते आणि जिने माझे दोन दिवस खाल्ले. एका संस्थेच्या गाववार अहवालात कऱ्हाड दोनदा येत होतं. दोन ओळी, दोन वेगळ्या बेरजा, दिसायला एकसारख्या. मागेपुढे स्पेस असेल म्हणून पाहिलं, नव्हती. मग बाइट मोजले, तर एक नाव अठरा बाइटांचं आणि दुसरं एकवीसचं निघालं. आपला हा अर्धा ऱ्, कऱ्हाड, तऱ्हा, सुऱ्या यांतला, युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र चिन्ह `U+0931` आणि त्याला हलन्त. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यामागे जोडाक्षर घडवणारं एक अदृश्य चिन्ह `U+200D`. फॉन्ट दोन्हींचं चित्र सारखंच काढतो. डेटाबेस मात्र चित्र बघत नाही, बाइट जुळवतो. दोन कारकून, दोन कीबोर्ड, दोन कऱ्हाड. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण चालवून पाहिलं, तरी ही दोन रूपं एक झाली नाहीत. म्हणून नोंद साठवण्याआधी आणि शोधताना, दोन्ही वेळी मी ही बदली करतो :

```
s = s.replace('\u0930\u094d\u200d', '\u0931\u094d')
```

हे करताना 'अदृश्य चिन्हं सगळी काढून टाकू' असा मोह होतो, मलाही झाला होता. तसं केलं की दुसऱ्या प्रकारच्या कऱ्हाडातला अर्धा र जाऊन ह वर रफार चढतो आणि गावाचं नाव कर्हाड होतं. म्हणून आधी वरची बदली करायची, आणि बाकीच्या `U+200D` ना एकेक पाहिल्याशिवाय हात लावायचा नाही.